प्रश्नपत्रिकांचं पोतं

दहावीत मी फक्त गणितात नापास झाले, बाकी सगळ्या विषयांत पास. हे वाक्य आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात इतक्यांदा बोललं गेलं, की शेवटी "फक्त" हा शब्द ऐकला तरी माझं डोकं भणभणायचं. आई हे सांगताना आवाज खाली घ्यायची, जणू घरात कुणी आजारी आहे. वडील मात्र ते ठणकावून सांगायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. "एका विषयाचं काय एवढं? पाच बैलं औताला नीट चालली, एक अडलं, म्हणून काय शेत पडीक टाकायचं?" शेत आमच्याकडे कधीच नव्हतं. आमचे लोक मेंढरांवाले, काका अजूनही सोयगावकडे कळप घेऊन हिंडायचा. दादा तरुणपणीच तिकडून उठले आणि चिकलठाण्याला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले ते तिथंच राहिले. पण उदाहरणं द्यायला शेत बरं पडतं.

अकरावीला मला प्रवेश मिळाला असता. एखाद्या विषयात राहिलेल्यांना तशी सोय होती. पण मला अकरावी नको होती, मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं आणि त्याला दहावी पासच लागायची. एकदा दादांना डबा द्यायला मी कारखान्याच्या गेटवर गेले होते, तेव्हा निळा शर्ट घातलेली एक बाई पॅनेलचं दार उघडून आत टेस्टर लावत होती आणि चार बाप्ये तिच्यामागं गप उभे होते. एवढ्यावर मी ठरवून टाकलं होतं. आता पुरवणी परीक्षेत गणित सुटलं, तर आयटीआयच्या शेवटच्या फेरीत नाव लागू शकत होतं. नाही सुटलं, तर आईनं तिच्या पॅकिंगच्या लाईनवर सुपरवायझरच्या कानावर घालून ठेवलं होतं. आई काही दुष्ट नव्हती, तिला मी घरात रिकामी बसलेली बघवत नव्हते. पण एकदा त्या लाईनवर उभी राहिले की तिथून निघणार नाही, हे मला आईच्याच सुजलेल्या पायांकडे बघून कळत होतं.

आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत स्वयंपाक आणि पाण्याचे ड्रम, दुसरीत बाकी सगळं. नळाला पाणी कधी यायचं याचा भरवसा नसल्यामुळे ड्रमांना घरात माणसांपेक्षा जास्त जागा होती. सकाळी कारखान्यांचे भोंगे, मधूनच डोक्यावरून विमान, आणि दुपारी शेजारच्या शकीलाखालांच्या शिलाई मशीनची टकटक. विमान गेलं की आमचे पत्रे थरथरायचे आणि आई हातातली भाकरी तशीच धरून वर बघायची. इतक्या वर्षांत एकही विमान पडलं नव्हतं, तरी ती बघायचीच.

दादांची पहिली पाळी असली की ते दुपारी घरी यायचे. एका दुपारी ते सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून आले. आईला वाटलं ज्वारी. दादांनी पोतं बाहेरच्या खोलीत उपडं केलं आणि खोलीभर कागद पसरले. रस्त्यातल्या भंगारवाल्याकडे एका शाळेची अडगळ आली होती. दादांनी त्याला नुसतं एवढंच सांगितलं होतं, "दहावीचे जुने पेपर असतील तेवढे दे." त्यानं पोतं भरून दिलं होतं.

"सगळे सोडवून काढ," दादा म्हणाले. "वरून खालपर्यंत. एकही ठिवायचा नाय."

मी त्या ढिगाकडे बघितलं आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. त्यात इतिहास होता, हिंदी होतं, आठवीची घटक चाचणी होती, शिष्यवृत्तीचे पेपर होते, उर्दू माध्यमाचा मोठा गठ्ठा होता आणि एका कोण्या नेहाचं चिठ्ठी लिहून फाडलेलं वहीचं पानही होतं. दादा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांच्या मते पेपर म्हणजे पेपर, जितके जास्त तितकं बरं.

"दादा, हे आधी निवडावं लागंल."

"मंग निवड की. मी बसतो." आणि ते खरंच भिंतीला टेकून, मांडी घालून बसले. त्या दिवशी बसले ते परीक्षेपर्यंत रोज बसत गेले.

आता परीक्षेचा नमुना इतक्यांदा बदललाय, की तेव्हाचा पेपर कसा असायचा हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गणिताचे दोन भाग होते, पहिला बीजगणिताचा आणि दुसरा भूमितीचा, दोन्ही चाळीस-चाळीस गुणांचे, दोन-दोन तासांचे. शाळेकडचे अंतर्गत वीस धरून सगळे मिळून पस्तीस मिळाले की पास. माझे अंतर्गत चौदा झालेले होते, म्हणजे दोन्ही लेखी पेपरांत मिळून ऐंशीपैकी एकवीस आणायचे होते. मार्चमध्ये मी नऊ आणले होते. नऊ गुण आणायलाही अक्कल लागते, असं माझी मैत्रीण म्हणाली होती, तिच्याशी मी तेव्हापासून बोलत नव्हते.

पहिल्या दिवशी विषय वेगळे केले. गणित सोडून बाकीचं पोत्यात परत. मग इयत्ता. मग नमुना बघितला. ज्याच्या डोक्यावर चाळीस गुण आणि दोन तास छापलेलं असेल तोच आपल्या कामाचा, बाकी अभ्यासक्रमच जुना. इथं दादा अडले. जुन्या अभ्यासक्रमाचे पेपर चांगले जाडजूड होते आणि ते टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं.

"अगं, गनित गनितच असतंय. कालचं दोन आन् दोन आज पाच व्हतंय का?"

"पण त्यातले धडेच आता नाहीत, दादा."

तरी तो गठ्ठा त्यांनी पोत्यात जाऊ दिला नाही, स्वतःच्या गुडघ्याखाली ठेवला. उरलेल्या पेपरांतून मी भाग एक आणि भाग दोन वेगळे केले, बोर्डाचे पेपर एकीकडे आणि शाळेच्या पूर्वपरीक्षांचे दुसरीकडे लावले. शाळेचे सर पेपर काढताना आपल्या आवडीचा धडा घुसवतात, बोर्डाचं वजन सगळ्या धड्यांना बेतानं वाटलेलं असतं. एकेका पेपरच्या तीन-तीन, चार-चार प्रती होत्या, कारण शाळेत उरलेले गठ्ठे तसेच विकले गेले होते.

सोडवायला बसले आणि मार्चसारखीच पहिल्या पानावर अडकले. तेव्हा मला नीट कळलं की माझं दुखणं काय आहे. पुस्तकात सरावसंच धड्याच्या पोटात असतो. वर "वर्गसमीकरणे" लिहिलेलं असतं, म्हणजे खालची सगळी गणितं वर्गसमीकरणांचीच. तिथं मला सगळं यायचं. पेपरात मात्र वर काहीच लिहिलेलं नसतं, गणित उघडंबोडकं समोर उभं राहतं. ते कोणत्या धड्यातून आलंय, याला कुठलं सूत्र लावायचं, हेच मला ओळखू येत नव्हतं. शिकवणीतले सर म्हणायचे, "सराव कर." काय करू? सरावाआधी ओळख पाहिजे ना.

म्हणून मी ठरवलं की पेपर कापायचे. प्रत्येक प्रश्न वेगळा करायचा आणि धड्याप्रमाणे थप्पी लावायची.

दादांचा चेहरा उतरला. आमच्या घरी कागदाला चुकून पाय लागला तरी वाकून हात लावून कपाळाला लावायचे. छापील कागद कापायचा म्हणजे त्यांना पाप वाटत होतं. "लिव्हलेलं कापू नाय, बाई." मी हट्टाला पेटले होते. घरातली छोटी कात्री नेमकी हरवली होती. दादा बराच वेळ तंबाखू मळत बसले, मग उठले आणि पत्र्याच्या पेटीतून मेंढरं कातरायची कातर काढून आणली. पेपराला नमस्कार केला आणि म्हणाले, "कुठून कापायचं, सांग."

पहिलाच पेपर त्यांनी सुरेख कापला. त्या लांब पात्यांनी एका दमात पान आडवं सरळ कापलं जायचं. प्रश्न एक, प्रश्न दोन, प्रश्न तीन असे तुकडे त्यांनी सतरंजीवर ओळीनं मांडले. मी एक तुकडा सहज उलटा केला. मागच्या बाजूला चौथ्या प्रश्नातलं गणित होतं आणि त्याचं धड आमच्या हातात, मुंडकं दुसऱ्या तुकड्यावर.

"मागचं गेलं की गं!" दादा म्हणाले.

पेपर पाठपोट छापलेला असतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. वर्षभर असले पेपर हाताळलेली मी. पण ते डोक्यात आलं नाही. दादा त्या तुकड्यांकडे असे बघत बसले, की मलाच हसू फुटलं, मग त्यांनाही. आई पिठाच्या हातानं डोकावून म्हणाली, "दोघंबी शानी हायत."

त्यानंतर रीत बसली. एका पेपराच्या दोन प्रती घ्यायच्या, एकीचं पुढचं कापायचं, दुसरीचं मागचं. कापण्याआधी दादा प्रत्येक पान उलटून बघायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "मागं काय हाय?" ज्या पेपराची एकच प्रत होती त्याचं मागचं मी हातानं उतरून घ्यायची. पण तो पहिला, चुकून कापलेला भूमितीचा पेपर राहिलाच. त्याची दुसरी मराठी प्रत नव्हती. दादांनी गुडघ्याखालचं काही सोडलं नव्हतं तसं ते हेही सोडेनात. त्यांनी पोत्यातल्या उर्दू गठ्ठ्यातून आकृत्या जुळवत जुळवत त्याच परीक्षेचा उर्दू पेपर शोधून काढला. माध्यम कुठलंही असो, बोर्डाची गणितं तीच असतात, हे मला तेव्हा कळलं. तो पेपर उजव्या बाजूनं उघडायचा, आमचं शेवटचं पान तिथं पहिलं. शकीलाखालांना बोलावलं. त्या मशीनवरून उठून चष्मा लावत आल्या.

"अगे, ये कायकू कतरे रे बाबा? इल्म की चीज है," विद्येची वस्तू कापली म्हणून त्या आधी दादांनाच रागावल्या. मग बोट ठेवून वाचू लागल्या. "मुसल्लस बोले तो तुमारा त्रिकोण. मुसल्लस ए बी सी में..." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. दादा आकृतीवर टक लावून होते. त्यांना बहुधा त्रिकोण दोन भाषांत एकच दिसतो याचं नवल वाटत होतं.

थप्प्या वाढत गेल्या. प्रत्येक थप्पीवर वजन ठेवलेलं असायचं. समरूपतेवर वाटी, वर्तुळावर उलथनं, अंकगणिती श्रेढीवर कुलूप, संभाव्यतेवर आईचा पोळपाट. जेवायच्या वेळी आई एकेक भांडं मागायची आणि आम्ही दुसरं काही शोधायचो. धपाटे आणि दही खाताना दादा थप्प्यांकडे बघत म्हणायचे, "ती बारीक हाय, तिच्या नादी लागू नको." बारीक थप्पी म्हणजे धडा कमी येतो, हे बरोबर. पण थप्पीची जाडी गुणांची नसते. एकेका गुणाचे दहा तुकडे आणि चार गुणांचे तीन तुकडे यांत मोठं कोण, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं गुण लिहायला लावले.

मला सगळ्यात धीर दिला तो चौकटींनी. तेव्हा पेपरात "कृती पूर्ण करा" असा प्रश्न असायचा. गणित सोडवून दिलेलं, मधल्या काही जागी रिकाम्या चौकटी, त्या भरायच्या. दुसऱ्या प्रश्नात अशा कृतींना चार गुण, तिसऱ्यात तीन, आणि पहिला प्रश्न आठ गुणांचा, त्यात पर्याय आणि एकेका गुणाची छोटी उदाहरणं. एका पेपरात हे पंधरा होतात, दोन्हींत तीस. मला एकवीस हवे होते. मार्चमध्ये मी चौकटींना भ्यायले होते, कारण मी उत्तरं गाईडातून तोंडपाठ केली होती आणि चौकट आली की माझं पाठांतर मधेच तुटायचं.

"ह्या खिडक्या कशाच्या?" दादांनी एकदा विचारलं.

मी तुकडा त्यांच्यासमोर धरला. पहिलं पद सहा, सामान्य फरक तीन, सत्ताविसावं पद काढा. दोन ओळी छापलेल्या होत्या. शेवटी सहा अधिक चौकट बरोबर चौऱ्याऐंशी.

"दादा, सहामध्ये किती मिळवले की चौऱ्याऐंशी होतात?"

ते बोटं मोजत राहिले. "अठ्ठ्याहत्तर."

"मग चौकटीत अठ्ठ्याहत्तर. आता वरची चौकट. सव्वीस गुणिले किती केले की अठ्ठ्याहत्तर?"

"तीन... म्हंजी खालून वर जायचं व्हय? ही तर चोरी झाली."

"चोरी कशाची? त्यांनीच पुढची ओळ छापून ठेवलीय. पण तीन हा सामान्य फरक आहे, तो तिथं का आला हे कळलं पाहिजे, नाहीतर आकडे बदलले की बसले मी." आणि तो तिथं का येतो हे मी त्यांना समजावून सांगितलं. दादांना ते लवकर समजेना. मी तीन तऱ्हांनी सांगितलं. तिसऱ्या खेपेला ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं, त्यांच्या डोक्यात बसलं की नाही कोण जाणे, पण ते मान डोलावत होते. पुढं आयटीआयत शिकवायला लागल्यावर पोरांना सर्किट समजावताना मी हेच करत आले. ज्याला अजिबात कळत नाही त्याला पुढ्यात बसवायचं.

परीक्षा आठवड्यावर आली होती. रविवार होता, दुपारची वेळ, सकाळपासून लाईट नव्हती. उकाड्यानं दार, खिडकी सगळं उघडं टाकलेलं. आईला स्वयंपाकाची भांडी हवी होती म्हणून तिनं थप्प्यांवरून वाटी, उलथनं, पोळपाट उचलून नेलं होतं आणि आम्ही दुसरं वजन ठेवायच्या आत लाईट आली. पंख्याचं बटण चालूच राहिलेलं, तेही पाचवर. पंखा एकदम फिरला आणि खोलीतली सगळी दहावी उडाली. तुकडे पिठाच्या डब्यात गेले, ड्रममध्ये गेले, दारातून गल्लीत गेले. एक तुकडा शकीलाखालांच्या उंबऱ्यावरून त्यांची कोंबडी चोचीत घेऊन पळाली. दादा "बंद कर, बंद कर" ओरडत स्वतःच अंगानं थप्प्यांवर आडवे झाले.

पंखा बंद झाला तेव्हा मी मधोमध बसून ओक्साबोक्शी रडायला लागले. इतके दिवस मी गणितं कमी सोडवली होती आणि कागदच जास्त लावले होते, हे मला आतून माहीत होतं. आता तेही गेलं. आई दारात उभी राहून हळूच म्हणाली, "जाऊ दे बाई. लाईनवर बी लोक जगतेतच की." ती समजूत घालत होती. पण मला ते आत्ताच निकाल लागल्यासारखं वाटलं.

दादा उठले. त्यांनी गल्लीतले, ड्रमातले, पिठातले सगळे तुकडे गोळा करून आणले, ओले पत्र्यावर वाळत घातले आणि ढीग पुढ्यात घेऊन बसले. एक तुकडा उचलला आणि अडखळत वाचायला लागले, "एका थैलीत... दोन लाल चेंडू..."

"संभाव्यता," मी नाक पुसत म्हणाले.

त्यांनी तो डावीकडे ठेवला. "त्रिकोणाच्या कोनाचा दुभाजक..."

"समरूपता. कोनदुभाजकाचं प्रमेय."

"एका शिडीचं टोक..."

"पायथागोरस."

"एका कंपनीचा शंभर रुपये दर्शनी किमतीचा..."

"अर्थनियोजन. दादा, पूर्ण वाचायची गरज नाही."

आणि तेव्हा माझं रडू थांबलं, कारण ते वाक्य मीच बोलले होते. ते पहिले तीन-चार शब्द वाचायचे आणि मला धडा कळायचा, धड्याबरोबर सूत्रही कळायचं, पहिली ओळ काय लिहायची तीही. वर कुठं काही छापलेलं नव्हतं. दादा वाचत गेले, मी सांगत गेले, मधे दोन ठिकाणी चुकले, ते तुकडे त्यांनी बाजूला ठेवले. ढीग संपला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि सगळ्या थप्प्या पुन्हा उभ्या होत्या. दोन्ही चुका वर्तुळाच्या होत्या. राहिलेल्या दिवसांत मी वर्तुळच केलं.

पेपर बरे गेले. चौकटी सगळ्या भरल्या, भूमितीत एक चार गुणांचं गणित जमलं, एक अर्धवट राहिलं. निकाल शकीलाखालांच्या पोरीच्या मोबाइलवर बघितला. गणित एकोणचाळीस. मी तो आकडा तीनदा वाचला आणि मग आईच्या गळ्यात पडले. आई रडली, मग लगेच पदर खोचून म्हणाली, आता सुपरवायझरला काय सांगू.

दादा पाळीवरून आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, टोपी काढली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ड्रमपाशी जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. संध्याकाळी चहा पिताना मी म्हणाले, "दादा, तुम्ही ते पोतं आणलं म्हणून झालं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, असं कापून लावलं की येतं म्हणून?"

"मला कशाचं म्हाईत?" ते म्हणाले. "मला तर रोज वाटायचं, पोरगी नुसते कागद कापून ऱ्हायली, ह्यानं काय गनित येत नसतंय. तुझ्या आईलाबी म्हन्लो हुतो, आवंदा काय खरं नाय."

"मग रोज कामून बसत होता?"

दादांनी कप खाली ठेवला. "एकटीच नापास झाल्यासारखी बसली असतीस ना," ते म्हणाले, आणि आईला अजून थोडा चहा आहे का ते विचारलं.